निवड यादी अजून लागलेली नाही

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपुरातल्या बऱ्याच घरांत एकाच मजकुराचे ई-मेल लिहिले जातात. इंदोरा, जरीपटका, नारी रोड, धरमपेठ, मानेवाडा, घर कुठलेही असो. मेल पाठवायचा असतो इंग्लंडमधल्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला, आणि मागणे असते की माझी जॉइनिंग डेट पुढे ढकलून द्या. कारणे वेगवेगळी असतात. कुणाचा व्हिसा अडकलेला असतो, कुणाच्या उन्हाळी परीक्षेची गुणपत्रिका हाती आलेली नसते, कुणाचे कर्ज मंजूर व्हायचे असते. विदर्भातल्या अनुसूचित जातीतल्या मुलामुलींच्या मेलमध्ये मात्र एक कारण वर्षानुवर्षे आढळते : सरकारी शिष्यवृत्तीची निवड यादी अजून लागलेली नाही.

हा लेख त्या एका कारणाबद्दल आणि त्या एका मेलबद्दल आहे. असे मसुदे मी बरेच पाहिले. लिहिणारी मुले हुशार असतात, नाहीतर जगातल्या पहिल्या दोनशे विद्यापीठांतली ऑफर हाती आलीच नसती. तरी मेल चुकतो. इंग्रजी कच्चे असल्यामुळे तो चुकत नाही. जे मागायला हवे ते सोडून दुसरेच काहीतरी मागितले जाते, म्हणून चुकतो.

आधी पैशाची बाजू. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. दरवर्षी ७५ जणांची निवड होते. शिकवणी शुल्क, विमान भाडे, व्हिसा शुल्क, विमा आणि वर्षाचा निर्वाह भत्ता मिळतो. इंग्लंडसाठी हा भत्ता ९,९०० पौंडांचा आहे. अर्ज करतानाच हातात बिनशर्त ऑफर लेटर असावे लागते, आणि विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या दोनशेंत असावे लागते. म्हणजे क्रम असा : आधी प्रवेश, मग शिष्यवृत्तीचा अर्ज, मग छाननी, मग यादी. छाननी पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयात होते आणि निवडीचा निर्णय मंत्रालयातून निघतो. इंग्लंडमधले अभ्यासक्रम सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतात. यादी मात्र वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर किंवा त्यानंतर लागते, ही विद्यार्थी संघटनांची जुनी तक्रार आहे. अर्ज मागवण्याची जाहिरात उन्हाळ्यात निघत असेल तर दुसरे काय होणार?

केंद्राच्या योजनेचेही फारसे वेगळे नाही. नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या १२५ जागा असतात. २०२५-२६ साठी १०६ उमेदवार निवडले गेले आणि जुलै २०२५ मध्ये त्यांपैकी ४० जणांनाच तात्पुरती पत्रे निघाली. उरलेल्यांना सांगण्यात आले की निधी उपलब्ध झाला तर पत्र मिळेल. निवड झाली, पण पत्र नाही. या अवस्थेतल्या मुलाने विद्यापीठाला काय कळवायचे? ‘माझी निवड झाली आहे’ हे खरे, आणि ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ हेही खरे.

आता समोरची बाजू बघू. आपल्याकडे नोकरीत जॉइनिंग डेट असते. ती साहेबाला सांगून आठ-पंधरा दिवस पुढे नेता येते. त्याच सवयीने मुले विद्यापीठाला लिहितात की कृपया मला थोडा वेळ द्या. पण प्रवेश कार्यालयाच्या लेखी ‘थोडा वेळ’ असे काही नसते. तिथे दोन स्वतंत्र गोष्टी असतात, बहुधा दोन वेगवेगळ्या टेबलांवर. एक म्हणजे उशिरा येण्याची परवानगी. वर्ग २२ सप्टेंबरला सुरू होत असतील तर नोंदणीचा दरवाजा साधारण दोन आठवडे उघडा राहतो, आणि या परवानगीत विभागाचा म्हणजे शिकवणाऱ्यांचा शब्द चालतो. दुसरी गोष्ट म्हणजे डिफरल. त्यात प्रवेश थेट पुढच्या इनटेकला जातो. अभ्यासक्रम वर्षातून एकदाच सुरू होत असेल तर पूर्ण एक वर्ष. मधले काही नाही. ‘नोव्हेंबरमध्ये येऊ का’ या प्रश्नाला ‘नाही’ खेरीज उत्तर नसते, आणि नुसता ‘वेळ द्या’ असा मेल आला की कार्यालयातला माणूस उत्तरादाखल डिफरलच्या धोरणाची लिंक पाठवून मोकळा होतो.

ही ताठरता कुठून येते हे समजले की मेल कसा लिहावा ते आपोआप कळते. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठी विद्यापीठ प्रायोजक म्हणून उभे राहते. त्यासाठी ते ‘कॅस’ नावाचा एक क्रमांक देते. कन्फर्मेशन ऑफ ॲक्सेप्टन्स फॉर स्टडीज असे त्याचे पूर्ण नाव. हा क्रमांक एकदाच वापरता येतो, आणि दिल्यापासून सहा महिन्यांत वापरावा लागतो. कॅस दिलेला विद्यार्थी नोंदणीच्या मुदतीत हजर झाला नाही, तर विद्यापीठाने दहा कामकाजाच्या दिवसांत गृहखात्याला कळवायचे असते. शिवाय दरवर्षी विद्यापीठाची तपासणी होते. २०२५ मध्ये व्हिसा नाकारले जाण्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत हवे होते, व्हिसा मिळालेल्यांपैकी किमान ९० टक्के मुले प्रत्यक्ष दाखल झालेली हवी होती, आणि अभ्यासक्रम पूर्ण करणारी किमान ८५ टक्के. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने हे निकष प्रत्येकी पाच टक्क्यांनी कडक करण्याचा प्रस्ताव मांडला. परीक्षेत नापास झालेल्या विद्यापीठाचा परदेशी मुले घेण्याचा परवानाच धोक्यात येतो.

म्हणून कॅस देण्यापूर्वी आलेला डिफरलचा मेल कार्यालयाला जड जात नाही. कागदावर एक वर्ष बदलायचे आणि संपले. कॅस दिल्यावर, त्यातही व्हिसा लागल्यावर आलेला तोच मेल त्यांच्या हिशेबात न आलेल्या मुलाची भर घालू शकतो. नागपुरात मात्र उलटा सल्ला दिला जातो : आधी कॅस काढून ठेव, व्हिसाही काढून ठेव, पैशाचे मग बघू. सल्ला देणाऱ्याचे यात काही जात नाही. मुलीचे जाते. व्हिसाचे शुल्क, २०२५ मध्ये ५२४ पौंड, परत मिळत नाही. एका वर्षाच्या एमएस्सीसाठी आरोग्य अधिभाराचे १,१६४ पौंड आधीच भरावे लागतात. निर्णयाआधी अर्ज मागे घेतला तर ते परत येतात, पण व्हिसा मंजूर झाल्यावर गेलीच नाही तर येत नाहीत. दोन्ही मिळून जवळपास दोन लाख रुपये होतात.

एक उदाहरण घेऊन तारखा मांडून बघू. मुलगी कल्पित आहे, तारखा आणि नियम २०२५ चे आहेत. घर इंदोऱ्यात. वडील निवृत्त, आई अंगणवाडी सेविका. नागपूर विद्यापीठाची पदवी, आणि लंडनबाहेरच्या एका ब्रिटिश विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्य विषयातली एमएस्सीची बिनशर्त ऑफर. वर्ग सोमवारी, २२ सप्टेंबरला सुरू. उशिरा येणाऱ्यांना नोंदणीची शेवटची तारीख शुक्रवार, ३ ऑक्टोबर. शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला आहे, यादी लागलेली नाही. क्षयरोग तपासणीचा दाखला काढलेला आहे. आज २९ ऑगस्ट.

३ ऑक्टोबरपासून मागे मोजत यायचे. तिथे ३ ला पोचायचे तर १ तारखेला नागपुरातून निघायला हवे. त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे दीक्षाभूमीवर लोक जमू लागलेले असताना ही बॅग घेऊन विमानतळाकडे निघालेली असणार. पासपोर्ट ३० सप्टेंबरपर्यंत हातात हवा. साध्या अर्जाला बोटांचे ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे ठसे ९ सप्टेंबरच्या आत. त्याआधी कॅस हवा, आणि कागद पूर्ण असले तरी त्याला दोन-चार दिवस जातात. शुक्रवार, ५ सप्टेंबर धरू. कॅससाठी विद्यापीठाला पैशाची हमी लागते, म्हणजे शासनाचे पत्र. ते १ किंवा २ सप्टेंबरला हवे. जादा ५०० पौंड भरून प्रायॉरिटी सेवा घेतली तर निर्णय पाच कामकाजाच्या दिवसांत येतो. मग ठसे २२ सप्टेंबरला देऊन चालेल, कॅस १९ ला, आणि शासनाचे पत्र १५ च्या आसपास.

कागदावर नोंदणीचा दरवाजा ३ ऑक्टोबरला बंद होतो. या मुलीसाठी तो १५ सप्टेंबरला बंद होतो. त्यानंतर यादी लागली आणि तिचे नाव पहिले असले तरी या वर्षी जाणे जवळपास अशक्य.

यादीची वाट न बघता स्वतःच्या पैशाने जाता येईल का? घरात हा प्रश्न निघतोच. मामा म्हणतात, मी देतो. पण व्हिसासाठी दाखवायची रक्कम विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात असावी लागते. मामा-काकांच्या खात्यातली चालत नाही. आणि ती सलग २८ दिवस पडून असावी लागते. २०२५ च्या सप्टेंबरात लंडनबाहेर नऊ महिन्यांच्या खर्चासाठी १०,२२४ पौंड दाखवावे लागत, फी वेगळी. मामांनी ५ सप्टेंबरला पैसे टाकले तर २८ दिवस ऑक्टोबर उजाडल्यावर पुरे होतात. शैक्षणिक कर्जाला ही २८ दिवसांची अट नाही, पण तारण नसलेल्या घराला पंधरवड्यात इतके मोठे कर्ज मंजूर होत नाही. हा मार्ग मे महिन्यात उघडा असतो. सप्टेंबरात नसतो.

असे हिशेब करून झाल्यावर मेल लिहायचा. तिच्या पहिल्या मसुद्याची कल्पना मी सहज करू शकतो, कारण सगळ्यांचा तसाच असतो. सुरुवात ‘आदरणीय सर/मॅडम, आशा आहे हा मेल वाचताना आपण कुशल असाल’ अशी. मग दोन परिच्छेद घरची परिस्थिती, मग बाबासाहेबांचे स्वप्न, मग शासनाची दिरंगाई, आणि शेवटी हात जोडून ‘कृपया माझी जॉइनिंग डेट वाढवून द्यावी’. अर्जदार क्रमांक नाही, अभ्यासक्रमाचे नाव अर्धवट, मागितलेली तारीख नाही. मेल तिच्या स्वतःच्या पत्त्यावरून न जाता कन्सल्टंटच्या पत्त्यावरून जातो. नोंदवलेला पत्ता वेगळा असेल तर काही कार्यालये खाजगी माहितीच्या नियमावर बोट ठेवून उत्तरच देत नाहीत. यात खोटे काहीच नसते. फक्त वाचणाऱ्याने काय करावे हे कुठेच लिहिलेले नसते, आणि तो वाचणारा त्या आठवड्यात असे शेकडो मेल उघडत असतो.

मेल कामाचा करायचा तर त्यात एक प्रश्न हवा : डिफरलची विनंती तुम्ही कोणत्या तारखेपर्यंत स्वीकारता? आधी हा प्रश्न विचारायचा, डिफरल मागायचे नंतर. कारण तिला आज डिफरल नकोच आहे. २९ ऑगस्टला तिने डिफरल मागितले, मिळाले, आणि १० सप्टेंबरला यादीत नाव लागले, तर शासन या वर्षीच्या प्रवेशाचे कागद मागणार आणि विद्यापीठाने तो प्रवेश पुढच्या वर्षी टाकलेला. यादीत नाव आहे आणि जायला अभ्यासक्रम नाही, हा अपघात नेमका घाबरून लवकर मेल टाकणाऱ्यांचा होतो. उलट ती गप्प बसली आणि २५ सप्टेंबरला मागायला गेली, तर विद्यापीठ सांगू शकते की आमची मुदत वर्ग सुरू होण्यापूर्वीच संपली, आता पुन्हा अर्ज करा. मधली जागा अरुंद आहे. ती किती अरुंद आहे हे त्या एका तारखेवरूनच कळते.

मराठीत सांगायचे तर तिचा मेल असा असावा. विषयाच्या ओळीत अर्जदार क्रमांक, पूर्ण नाव, अभ्यासक्रम, ‘सप्टेंबर २०२५ : शिष्यवृत्तीचा निकाल प्रलंबित, दोन प्रश्न’. मग मजकूर :

‘मला वरील अभ्यासक्रमाची बिनशर्त ऑफर आहे आणि मी ती स्वीकारली आहे. माझे शुल्क महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीतून भरले जाईल. मी अर्ज केला असून पोच सोबत जोडली आहे. निवडीचा निकाल अजून जाहीर झालेला नाही. हमीपत्र १५ सप्टेंबरपर्यंत मिळाले तर मी कॅस घेऊन ३ ऑक्टोबरच्या आत नोंदणी करू शकेन. तोपर्यंत माझा कॅस काढू नये, ही विनंती. मला दोन गोष्टी कळवाव्यात. १५ सप्टेंबरपर्यंत पत्र न आल्यास सप्टेंबर २०२६ साठी डिफरलची विनंती तुम्ही कोणत्या तारखेपर्यंत घ्याल? आणि डिफरल झाल्यास ऑफर बिनशर्तच राहील का, त्या वर्षीचे शुल्क किती असेल? मी १६ सप्टेंबरला माझा निर्णय तुम्हाला नक्की कळवीन.’

बस. घरची परिस्थिती नाही, क्षमायाचना नाही. शासनाला शिव्याही नाहीत, त्या इथे कामाच्या नाहीत. शेवटच्या वाक्याने कार्यालयाला तिच्याकडून एक तारीख मिळते आणि तिची फाइल ‘उत्तर नाही’ या गठ्ठ्यात जात नाही. जोडायची पोच बहुधा मराठीत असते. ती तशीच पाठवली तर तिकडे ती कोण वाचणार? सोबत अधिकृत भाषांतर हवे. भाषांतरकाराची सही, तारीख आणि संपर्क असलेले एक पान पुरते, आणि पुढे व्हिसाच्या वेळीही तेच कामी येते.

कारण बदलण्याचा मोह होतो. कुणीतरी सांगते, शिष्यवृत्ती वगैरे नको, मेडिकल जोड, लगेच देतात. वैद्यकीय दाखला जोडणे सोपे आहे, आणि मूर्खपणाचेही. पुढच्या वर्षी हीच मुलगी शासनाचे पत्र घेऊन त्याच विद्यापीठात जाणार. व्हिसाच्या मुलाखतीत मागच्या वर्षी का गेली नाहीस असे विचारले तर विद्यापीठाच्या फाइलमध्ये आजारपण आणि तिच्या तोंडी यादी, असा प्रसंग येईल. शिष्यवृत्तीचा निकाल प्रलंबित असणे हे प्रवेश कार्यालयाला नेहमीचे, ओळखीचे कारण आहे. अनेक देशांतली मुले तेच लिहितात.

शाहू महाराजांचे नाव असलेल्या या योजनेच्या संदर्भात एक जुने प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि संस्थानने परत बोलावले. काम अर्धे झाले होते. तेव्हा लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांपर्यंतची रजा दिली, म्हणजे त्या मुदतीत परत येऊन पुढचे काम सुरू करण्याची सोय. काटेकोर बोलायचे तर हे डिफरल नव्हे. डिफरल दाखल होण्यापूर्वी असते, ही दाखल झाल्यावरची रजा होती. पण प्रश्न तोच होता, सरकारी पैसा आणि विद्यापीठाचे वर्ष जुळत नव्हते, आणि विद्यापीठाकडून मिळाली तीही एक मुदतच. ते ऑगस्टमध्ये मुंबईत उतरले. सामान वेगळ्या बोटीने निघाले होते, ती बोट टॉर्पेडोने बुडाली आणि पुस्तके, कागद तळाशी गेले.

पुढच्या तीन वर्षांत काय झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. बडोद्यातला तो अनुभव, नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’, मार्चमध्ये माणगाव. त्याच वर्षी मेच्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. शाहू महाराज अध्यक्ष होते आणि आंबेडकर उपस्थित होते. नागपूरची ही परिषद आटोपल्यावर साधारण महिनाभराने, जुलैच्या सुरुवातीला, ते लंडनच्या वाटेला लागले. नोकरीतली बचत, महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे पाच हजारांचे कर्ज अशी जुळवाजुळव होती. चार वर्षांची मुदत १९२१ मध्ये संपली असती, ते वर्षभर आधी पोचले. एमएस्सी १९२१ मध्ये झाली आणि डीएस्सी १९२३ मध्ये. परवानगी मिळाली म्हणून पैसा मिळाला नाही, तो त्यांनी तीन वर्षांत स्वतः उभा केला. आजच्या मुलीला मात्र पैसा उभा करायचा नसतो, तो मिळेल की नाही एवढेच वेळेत कळायला हवे असते. तेही कळत नाही, याचा मला राग येतो.

अमेरिकेची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथले मेल वेगळ्या कारणाने लिहिले जातात. २०२५ च्या २७ मेपासून १८ जूनपर्यंत अमेरिकी वकिलातींनी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे थांबवले, आणि पुन्हा सुरू केले तेव्हा समाजमाध्यमांची खाती सार्वजनिक ठेवण्याची अट घातली. ऑगस्टमध्ये वर्ग आणि मुंबईत तारीख मिळत नाही, अशा अवस्थेत नागपूरची बरीच मुले सापडली. तिथे कळीचा कागद आय-२०. त्यावर अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख असते, आणि विद्यापीठाचा नेमलेला अधिकारी तीच नोंद पुढच्या सत्रावर नेऊ शकतो. अशा वेळी सेव्हिस क्रमांक तोच राहिला तर भरलेले ३५० डॉलरही वाया जात नाहीत. म्हणून तिथल्या मेलमध्ये स्पष्ट विचारावे की नवा आय-२० त्याच क्रमांकावर निघेल का. आणि जानेवारीच्या सत्रात आपला अभ्यासक्रम सुरू होतो का, हे आधी पाहावे. सगळे होत नाहीत.

परत आपल्या इंदोऱ्याच्या मुलीकडे. समजा १५ सप्टेंबर गेला, पत्र आले नाही. १६ ला तिने कबूल केल्याप्रमाणे दोन ओळींचा मेल टाकला आणि डिफरल मिळाले. घरात सुटकेचा श्वास. पण वर्ष ढकलले म्हणजे सगळे तसेच्या तसे पुढे सरकत नाही. काही गोष्टी मध्येच मरतात.

क्षयरोगाचा दाखला सहा महिने चालतो, तो पुन्हा काढावा लागेल. आयईएलटीएसचे गुण दोन वर्षे धरले जातात. २०२४ च्या सुरुवातीला दिलेली परीक्षा असेल तर तीही पुन्हा. शुल्क नव्या वर्षाचे लागते. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव नसेल तर नव्याने अर्ज करावा लागेल, नव्या उत्पन्नाच्या दाखल्यासह, आणि वयाची अट पुढच्या जाहिरातीतल्या तारखेला मोजली जाईल. याहून बेभरवशाची गोष्ट क्रमवारीची. क्यूएसची यादी दर जूनमध्ये नवी येते. आज १९० व्या क्रमांकावर असलेले विद्यापीठ पुढच्या वर्षी २०४ वर गेले, तर ऑफर तीच, विद्यार्थिनी तीच, पण शासनाच्या अटीत ती बसणार नाही. म्हणून कडेवरच्या विद्यापीठाचे डिफरल घेतानाच दुसरीकडे एक-दोन नवे अर्ज टाकून ठेवणे शहाणपणाचे. डिफरल मिळाले की मुले नेमके तेच थांबवतात.

आणखी एक नुकसान कुठल्याच मेलमध्ये लिहिलेले नसते. ब्रिटनमध्ये पदवीनंतर नोकरीसाठी राहायला मिळणारा ग्रॅज्युएट रूट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तरवाल्यांना तो १८ महिन्यांचा मिळणार आहे, तीन वर्षे फक्त पीएचडीला. सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू केलेली एमएस्सी २०२६ च्या शरदात संपली असती आणि तिने डिसेंबरच्या आत अर्ज केला असता. सप्टेंबर २०२६ मध्ये सुरू केली की ती २०२७ मध्ये संपते. यादी पंधरा दिवस उशिरा लागली आणि परदेशातल्या कमाईचे सहा महिने गेले. हा हिशेब सामाजिक न्याय भवनातल्या कुठल्याही रजिस्टरमध्ये येत नाही, विद्यापीठाच्या फाइलमध्येही नाही.

डिफरलचे पत्र हाती पडले की तेही नीट वाचायला हवे. ‘ऑफर पुढे नेली’ असे लिहिले आहे की ‘पुन्हा अर्जाचा विचार होईल’? नव्या सत्राची तारीख आहे का? बिनशर्त हा शब्द आहे का? शासनाच्या पुढच्या छाननीत जुन्या तारखेचे ऑफर लेटर चालणार नाही. सप्टेंबर २०२६ असे लिहिलेले नवे पत्र मागून घ्यायला हवे, आणि तेही जाहिरात निघण्याच्या आधी, कारण जाहिरात निघाल्यावर अर्जाला आठवडे थोडेच मिळतात.

शिवाय बहुतेक विद्यापीठे हिवाळ्यात किंवा वसंतात एक मेल पाठवतात की आपण अजून येणार आहात का, कळवा. तो मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जातो. नागपुरात तेव्हा हिवाळी परीक्षांचे निकाल, लग्नसराई आणि नोकरीची तात्पुरती धावपळ चालू असते. त्या मेलला ठरलेल्या मुदतीत ‘हो’ असे उत्तर गेले नाही, तर ढकललेली जागा दुसऱ्याला जाते. त्यामुळे जानेवारीत आपणहोऊनच लिहावे : माझा अर्जदार क्रमांक हा, मी सप्टेंबर २०२६ ला येत आहे, शिष्यवृत्तीची जाहिरात अजून निघालेली नाही, निघाली की कळवते.